तारखेचे ठिपके घसरत होते तेव्हा

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या डाळमिलमध्ये पाकिटांवर तारीख छापणारं इंकजेट मशीन आहे. मे महिन्यात एका दुपारी ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, वरचे ठिपके घसरून राह्यले." अक्षर सात ठिपके उंच, खालचे जवळपास जागेवर, वरचे वेडेवाकडे.

मी आधी हाय व्होल्टेज बंद करून शाईच्या थेंबांना वळवणाऱ्या प्लेटा पुसल्या. फरक शून्य. तो होणारही नव्हता. प्लेटांचा व्होल्टेज कायम असतो. तो पडला असता तर सगळं अक्षर सारख्या प्रमाणात बुटकं झालं असतं. थेंब किती वळेल ते त्याचा चार्ज ठरवतो: वेग आणि वजन तेच असेल तर दुप्पट चार्जला दुप्पट वळण. बिनचार्जचा थेंब सरळ गटरमध्ये, म्हणजे थेंब गोळा करणाऱ्या नळीत, जाऊन परत वापरात येतो. म्हणजे वरच्या ठिपक्याला चार्ज सर्वांत जास्त, आणि चार्ज चुकला की तोच सर्वांत जास्त भरकटतो.

चार्ज मिळतो तो धारेतून थेंब तुटतो त्याच क्षणी, चार्ज इलेक्ट्रोडच्या आत. नंतर त्यात भर पडत नाही. स्ट्रोब दिव्यात पाहिलं, तर धार इलेक्ट्रोडच्या पार टोकाशी तुटत होती, म्हणून चार्ज नीट बसत नव्हता. उन्हानं सॉल्व्हंट उडालं होतं, ते भरून काढणारी मेकअपची बाटली रिकामी, शाई घट्ट, म्हणून धार उशिरा तुटत होती.

बाटली भरली, मशीन नुसतं चालवत ठेवलं. शाई पातळ झाल्यावर तुटण्याची जागा पुन्हा इलेक्ट्रोडच्या मधोमध आली, आणि तारीख सरळ उमटली.