रस्त्याचा फोटो समोर ठेवून पांढऱ्या खुणा कशा समजावून सांगाव्यात

नव्या चालकाला खुणा शिकवायच्या असतील, तर सिग्नलच्या साधारण शंभर मीटर अलीकडचा एक फोटो घ्यावा. तो उंचावरून नव्हे, तर पदपथावर उभे राहून, गाडीतल्या चालकाच्या डोळ्याइतक्या उंचीवरून काढावा. बाण मुद्दाम लांबट रंगवलेले असतात. गच्चीवरून ते ताणलेले दिसतात, पण चालकाच्या नजरेतून बेताचे वाटतात. माझ्या भाच्याला मी छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरचा असाच एक फोटो दाखवला होता.

फोटो खालून वर, म्हणजे गाडी ज्या क्रमाने पुढे जाईल त्या क्रमाने वाचावा. खालच्या भागात मार्गिकांमध्ये तुटक पांढरी रेषा असते. आरसा पाहून, इंडिकेटर देऊन आणि मागून कोणी येत नसल्याची खात्री करून ती ओलांडता येते. चौक जवळ येताच तीच रेषा अखंड होते. नेमक्या या जागेवर बोट ठेवून थांबावे, कारण मार्गिका निवडण्याची मुभा इथे संपते. भाच्याला तुटक आणि अखंड रेषांचा अर्थ पाठ होता, परंतु एकच रेषा वाटेत बदलते हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

त्यानंतर बाण पाहावेत. आमच्या फोटोत डाव्या मार्गिकेत सरळ व डावीकडे असा जोडबाण, मधल्या मार्गिकेत सरळ बाण आणि दुभाजकालगत उजवीकडचा बाण होता. "उजवीकडच्या बाणावर आलो आणि मला सरळ जायचे असेल तर?" असे त्याने विचारले. अशा वेळी ऐनवेळी डावीकडे घुसू नये. उजवीकडे वळून पुढून परत यावे. बाण पुढच्या गाडीखाली झाकला जातो किंवा टायरांनी झिजून पुसट होतो, म्हणून अलीकडचा पहिला बाण दिसताच मार्गिका ठरवावी. डांबराने बुजवलेली भेग उन्हात चकाकते आणि फोटोत रेषेसारखी भासते. तिची वेडीवाकडी कड पाहिली की फरक कळतो.

सर्वांत वर आडवी जाड रेषा दिसते आणि तिच्या पलीकडे झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे असतात. फोटोत ते आखूड व दाटीवाटीचे दिसतात, पण प्रत्यक्षात माणसांना चालता येईल इतके लांब असतात, हे आवर्जून सांगावे. लाल दिव्याला थांबायचे ते आडव्या रेषेच्या अलीकडे, पट्ट्यांवर नव्हे. बसल्या जागेवरून बंपरपुढचा थोडा रस्ता दिसत नाही. त्यामुळे रेषा बॉनेटखाली दिसेनाशी होते, तेव्हा बंपर बहुधा तिच्या अलीकडेच असतो. तिथेच गाडी पूर्ण थांबवावी. सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावे.

शेवटी फोटो बाजूला ठेवून त्याच रस्त्यावर सकाळी, वाहतूक कमी असताना, गाडी न्यावी आणि रेषा अखंड होताच ते मोठ्याने सांगण्यास नव्या चालकाला लावावे.