शेअर बाजाराआधी आपत्कालीन निधी: रक्कम ठरवताना या चुका टाळा

नवी नोकरी लागलेल्या मुलामुलींना 'पगाराच्या सहापट रक्कम बाजूला ठेवा' असा सल्ला हमखास मिळतो. हिशेबाची गडबड तिथेच सुरू होते, कारण नोकरी गेल्यावर थांबतो तो पगार. भागवायचा असतो तो खर्च, आणि या दोन आकड्यांचा एकमेकांशी ठरावीक संबंध नसतो.

हिंजवडीत काम करणाऱ्या आणि वाकडला दोन मित्रांसोबत राहणाऱ्या एका तरुणाचे उदाहरण घेऊ. हातात पगार येतो ४८,००० रुपये. त्याच्या वाट्याचे भाडे व मेंटेनन्स ११,०००, मेस आणि किराणा ६,०००, पेट्रोल २,५००, वीज, इंटरनेट व मोबाइल १,३००, शैक्षणिक कर्जाचा हप्ता ८,२०० आणि सोलापूरला आईवडिलांना ६,००० असे मिळून ३५,००० होतात. बहुतेक जण इथेच थांबतात आणि वर्षातून एकदाच येणारी बिले विसरतात. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग आणि विम्याचे हप्ते मिळून त्याचे वर्षाला १२,००० जातात, म्हणजे महिन्याला आणखी १,०००. सिनेमा, हॉटेल, खरेदी यांत न धरता त्याचा अटळ खर्च ३६,००० ठरतो. हप्ता आणि घरी पाठवायचे पैसे मात्र वगळू नयेत, कारण नोकरी गेली म्हणून बँक सहसा थांबत नाही आणि घरचा किराणाही थांबत नाही.

दुसरी चूक महिने मोजताना होते. नोकरी शोधायला तीन महिने लागले, तरी पहिला पगार रुजू झाल्यावर महिनाभराने येतो, आणि त्या महिन्याची पगाराची यादी बंद झाल्यानंतर रुजू झाल्यास तो पुढच्या महिन्यावर जातो. म्हणजे तीन महिन्यांचा शोध प्रत्यक्षात चार ते पाच महिन्यांचा खर्च मागतो. नोटीस पीरियडचा पगार मिळेल, असे धरून यातून महिने कमी करू नयेत, कारण तो किती आणि कधी मिळेल हे आपल्या हातात नसते. आईवडील अवलंबून असल्यामुळे आणि हप्ता चालू असल्यामुळे या तरुणासाठी मी सहा महिने धरेन: २,१६,००० रुपये. हप्ता नसलेल्या, पुण्यातच आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या आणि घरात दुसरा पगार असलेल्या मुलीला तीन महिन्यांचा खर्च पुरेसा ठरू शकतो.

तिसरी चूक म्हणजे जे हाती नाही ते निधीत धरणे. घरमालकाकडे ठेवलेले डिपॉझिट घर सोडल्याशिवाय परत मिळत नाही, आणि क्रेडिट कार्डाची मर्यादा हे तर महागडे कर्जच आहे. कंपनीचा आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत अपघात वगळता पहिले तीस दिवस उपचारांचा खर्च साधारणपणे मिळत नाही. म्हणून स्वतःची व आईवडिलांची पॉलिसी नोकरी असतानाच घ्यावी. तिची उणीव रोख निधीतून भरून काढायला गेल्यास कितीही रक्कम अपुरी पडेल.

हा तरुण महिन्याला १२,००० वाचवू शकतो, त्यामुळे निधी पूर्ण व्हायला अठरा महिने लागतात. एवढा काळ थांबण्याऐवजी अर्धी रक्कम एसआयपीत टाकावी, असा मोह होतोच. पण मार्च २०२० आठवावा. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून अधिक अंकांनी कोसळला आणि त्याच काळात अनेकांचे पगार कापले गेले, नोकऱ्या गेल्या. बाजार पडण्याची आणि नोकरी जाण्याची वेळ बरेचदा एकच येते, म्हणून इक्विटी फंडातील पैसे निधी म्हणून मोजू नयेत. बोनस मिळाल्यास तो आधी इथे वळवावा आणि अठरा महिने कमी करावेत.

पैसे ठेवताना एक महिन्याचे ३६,००० पगाराच्या खात्याऐवजी दुसऱ्या बँकेच्या बचत खात्यात असावेत, म्हणजे ते रोजच्या खर्चात मिसळत नाहीत. उरलेल्या १,८०,००० ची एकच मोठी मुदत ठेव करू नये; ४५,००० च्या चार ठेवी केल्यास गरजेला एकच मोडावी लागते आणि बाकीच्यांचे व्याज टिकते. मुदतीआधी मोडताना बँक व्याजात थोडी कपात करते, ती सोसावी. कर वाचवणारी पाच वर्षांची ठेव मात्र यासाठी घेऊ नये, कारण ती मुदतीआधी मोडता येत नाही.

भाड्याचा करार अकरा महिन्यांनी नव्याने होतो, तेव्हा भाडे बहुधा वाढते. त्याच आठवड्यात ३६,००० चा आकडा पुन्हा मांडावा आणि जो फरक येईल त्याची सहापट निधीत भरून मगच एसआयपीची रक्कम वाढवावी.