साचा वेळेत आला नाही : वकिलाकडे जाण्याआधीची तयारी

रबाळे एमआयडीसीतल्या प्लास्टिकच्या एका कारखान्याचं उदाहरण घेऊ. 8 लाखांचा साचा मागवला, 3 लाख ॲडव्हान्स दिला, ठरलेली तारीख उलटली आणि पुरवठादार फोन उचलत नाही.

सगळ्यात आधी ठरवा की तोच साचा त्याच्याकडूनच हवा आहे की दुसरीकडून करून घ्यायचा आहे. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर कलम 20 प्रमाणे दुसऱ्याकडून काम करून घेऊन झालेला खर्च मागता येतो. मात्र त्याआधी किमान 30 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणून ती पहिल्याच आठवड्यात पाठवा. दुसरा साचा घेतलात की पहिल्याकडून करारपूर्तीचा हुकूम मागता येत नाही. करारपूर्तीच हवी असेल, तर उरलेले 5 लाख द्यायची तुमची तयारी होती हे बँकेच्या कागदांवरून दाखवावं लागेल.

आता हिशेब. नवा साचा 9.5 लाखांना पडला, तर दीड लाखाचा फरक आणि अडकलेला ॲडव्हान्स मिळून साडेचार लाख होतात. नवा साचा पहिल्या साच्याच्याच दर्जाचा घ्या आणि दोन-तीन कोटेशनं जपून ठेवा. कमी खर्चात भागत असताना महागडा घेतला, तर वरचा भार तुमच्यावरच पडतो. भारतीय करार कायद्याचं कलम 73 नुकसान कमी ठेवण्याचे उपाय होते का, हेही पाहायला सांगतं.

खरी अडचण बुडालेल्या दिवाळीच्या ऑर्डरची असते. तिच्यातला नफा मिळेलच असं धरू नका. 1854 च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेन्डेल खटल्यात गिरणीचा तुटलेला दांडा पोचवायला उशीर झाला, गिरणी बंद राहिली, तरी त्या काळातला नफा मिळाला नाही. त्या दांड्यावाचून गिरणी थांबेल ही खास परिस्थिती वाहतूकदाराला कळवलेली नव्हती, असं न्यायालयाने धरलं. कलम 73 चा गाभाही हाच आहे. म्हणून परचेस ऑर्डर आणि तिच्या आधीचे ईमेल शोधा. ‘अमुक ग्राहकाला या तारखेला माल द्यायचा आहे, उशीर झाला तर दंड लागेल’ असं कुठे लिहिलं आहे का? करार झाल्यानंतर पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबू नका, कारण पाहिलं जातं ते करार करतानाचं ज्ञान. पुरावा नसेल, तर हा दावा फुगवू नका. त्याने साडेचार लाखांचा पक्का दावाही संशयात येतो.

करारात उशिराचा दंड लिहिलेला असेल, तर कलम 74 प्रमाणे तो आकडा कमाल मर्यादा ठरतो. न्यायालय त्याच्या आतच वाजवी भरपाई देतं.

हा वाद व्यावसायिक असून रक्कम 3 लाखांच्या वर आहे. त्यामुळे तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. तो टाळला तर दावा फेटाळला जाऊ शकतो. करारभंगापासून 3 वर्षांची मुदत कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.