व्हिडिओची कल्पना पोलवर पारखताना या चुका टाळा

संपूर्ण स्क्रिप्ट लिहिण्याआधी प्रेक्षकांना एक प्रश्न विचारून पाहावा, हा सल्ला आता बहुतेक यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. तरीही अनेकांचा अनुभव असा की पोलमध्ये भरभरून ‘हो’ मिळालेला व्हिडिओ प्रत्यक्षात कोणी पाहत नाही, आणि मग दोष प्रेक्षकांच्या चंचलपणाला दिला जातो. माझ्या मते दोष बहुधा प्रश्नाचाच असतो. तो कुठे चुकतो हे पाहण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवू.

समजा, गच्चीवरच्या आणि बाल्कनीतल्या बागेविषयीचे एक मराठी चॅनेल आहे आणि त्याला तीनेक हजार सदस्य आहेत. चॅनेलवालीला कढीपत्त्याच्या छाटणीवर व्हिडिओ करायचा आहे. हे काम एका दुपारचे नव्हे. शेंडा खुडल्यावर खालच्या पेरांतून नवे फुटवे येऊन झाड भरलेले दिसायला काही आठवडे लागतात, आणि तोवर त्याच जागेवरून, त्याच उजेडात पुन्हा पुन्हा चित्रीकरण करावे लागते. त्यामुळे कल्पना आधी पारखणे तिच्यासाठी खरोखरच आवश्यक आहे. ती पोल टाकते : ‘कढीपत्त्याच्या छाटणीवर व्हिडिओ हवा का?’ पर्याय तीन : ‘हो’, ‘नक्कीच’, ‘नको’.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक : उपायाबद्दल विचारणे

या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्यासाठी मतदाराला काहीच खर्च करावे लागत नाही. ज्याच्या घरी कढीपत्ता नाही तोही आवडत्या चॅनेलला प्रोत्साहन म्हणून ‘हो’ वर बोट ठेवतो, आणि तीन पर्यायांपैकी दोन होकाराचे असल्यामुळे निकाल आधीच ठरलेला असतो. परंतु याहून खोल अडचण वेगळी आहे. ‘छाटणी’ हा उपाय आहे, आणि उपाय ठाऊक असतो तो चॅनेलवालीला. प्रेक्षकाला फक्त त्याची अडचण ठाऊक असते आणि ती तो आपल्या शब्दांत सांगतो : ‘नुसता उंच वाढतो, फांद्याच फुटत नाहीत’, ‘पाने पिवळी पडतात’, ‘थंडीत सगळी पाने गळाली, झाड मेले का?’ ज्याचा कढीपत्ता एकाच काठीसारखा सरळ वाढतो आहे त्याला छाटणीचीच गरज असते, पण ते त्याला माहीत नसल्यामुळे तो ‘छाटणी’ या शब्दावर थांबत नाही आणि तो शब्द शोधतही नाही.

म्हणून प्रश्न मागे घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असावा, पुढच्या इच्छेबद्दल नसावा. ‘पाहाल का?’ या प्रश्नाचे उत्तर अंदाज असते, तर ‘काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर आठवण असते, आणि आठवणीत तपशील असतो. आपल्या उदाहरणात कढीपत्त्यावरच्या एखाद्या जुन्या व्हिडिओखाली, कमेंट पिन करून, असे विचारता येईल : ‘तुमच्या कुंडीतल्या कढीपत्त्याला शेवटचा नवा फुटवा कधी आला? कुंडी किती मोठी आहे आणि ऊन किती तास मिळते?’ उत्तर देताना माणसाला उठून कुंडीकडे पाहावे लागेल. उत्तरे कमी येतील, पण आलेले प्रत्येक उत्तर अशा माणसाचे असेल ज्याच्याकडे झाड आहे आणि झाडाविषयी काळजीही आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. काही जण पिन केलेल्या कमेंटमध्येच नमुन्यादाखल उत्तर देतात, उदाहरणार्थ ‘माझ्या झाडाची पाने पिवळी पडली होती, तुमचे काय?’ त्यानंतर येणारी बरीच उत्तरे पिवळ्या पानांचीच असतात, कारण प्रश्नाने विषय सुचवून टाकलेला असतो. नमुना द्यायचाच असेल तर तो उत्तराच्या स्वरूपाचा द्यावा, म्हणजे कुंडीचा आकार आणि उन्हाचे तास कसे लिहायचे एवढेच दाखवावे, अडचण सांगू नये.

कमेंट आधी, पोल नंतर

बहुतेक जण पोलपासून सुरुवात करतात, कारण तो सोपा असतो. पण पोलमध्ये आपण लिहिलेल्या पर्यायांपलीकडचे काहीच कळत नाही. यूट्यूबच्या मजकुराच्या पोलमध्ये जास्तीत जास्त पाच पर्याय मावतात, आणि ते पाच कोणते हे आपण आपल्या डोक्यातून ठरवले, तर प्रेक्षकांची खरी अडचण यादीत नसण्याची शक्यता मोठी असते. त्याउलट कमेंटमधली उत्तरे आधी वाचली, तर पर्याय प्रेक्षकांच्याच शब्दांत लिहिता येतात. कमेंट वाचताना एका कागदावर अडचणी प्रेक्षकांच्या शब्दांत जशाच्या तशा उतरवाव्यात. हेच शब्द पुढे व्हिडिओच्या शीर्षकासाठी उपयोगी पडतात.

आपल्या उदाहरणातला पोल मग असा होईल : ‘तुमच्या कढीपत्त्याची सध्या सर्वांत मोठी अडचण कोणती?’ पर्याय : ‘उंच वाढतो, फांद्या फुटत नाहीत’, ‘पाने पिवळी पडतात’, ‘पाने गळतात’, ‘कीड लागते’, आणि शेवटचा ‘माझ्याकडे कढीपत्ता नाही’. हा शेवटचा पर्याय कित्येक जण वगळतात. तो नसेल तर ज्यांचा विषयाशी संबंध नाही ते बाहेर पडत नाहीत. केवळ निकाल पाहायला मिळावा म्हणून ते कुठेतरी बोट ठेवतात आणि खऱ्या मतांत मिसळून जातात. पर्याय एकाच तोलाचे असावेत, हेही पाहावे. ‘पाने गळतात’ याच्या शेजारी ‘झाडाच्या सर्व समस्या’ असा पर्याय ठेवला, तर सर्व काही देणारा पर्यायच जिंकेल आणि त्यातून शिकण्यासारखे काही उरणार नाही.

टक्केवारीकडे पाहून थांबणे

समजा, एकूण 86 मते पडली : फांद्या फुटत नाहीत 34, पाने पिवळी 26, पाने गळतात 11, कीड 5 आणि झाडच नाही 10. पडद्यावर पहिल्या पर्यायापुढे 40 टक्के आणि दुसऱ्यापुढे 30 टक्के दिसतील, आणि विषय ठरला असे वाटेल. परंतु आधी झाड नसलेले 10 जण वजा करावेत, म्हणजे 76 मते उरतात. त्यात पहिल्याचा वाटा सुमारे 45 टक्के आणि दुसऱ्याचा सुमारे 34 टक्के होतो.

आता या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा? एक ढोबळ पण कामाचा हिशेब असा : 1 ला मतांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे. 76 चे वर्गमूळ जवळजवळ 8.7, म्हणून चूक दोन्ही बाजूंना सुमारे 11 टक्क्यांची धरावी. म्हणजे पहिल्या अडचणीचा खरा वाटा 34 ते 56 च्या दरम्यान आणि दुसरीचा 23 ते 45 च्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि हे दोन पट्टे एकमेकांवर चढतात. याच हिशेबाने 400 मते असती तर चूक 5 टक्क्यांपर्यंत खाली आली असती. शिवाय हा हिशेब मतदार योगायोगाने निवडले गेले असे गृहीत धरतो; पोलमध्ये ते स्वतःहून आलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षातली अनिश्चितता याहून अधिकच असते. या पोलने गळती आणि कीड हे विषय मागे पडले, हे बऱ्यापैकी सांगितले. पहिल्या दोघांत कोण पुढे, हे त्याने सांगितलेले नाही.

तो निर्णय कमेंटवरून आणि कामाच्या आकारावरून घ्यावा. पाने पिवळी पडण्याची कारणे अनेक असतात. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते, खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्र कमी पडलेले किंवा पाणी जास्त झालेले असू शकते. हा एका स्क्रिप्टचा विषय नाही. याउलट, फांद्या न फुटण्यावर शेंडा खुडणे हा एक स्पष्ट उपाय आहे आणि तो कॅमेऱ्यापुढे दाखवता येतो. म्हणून चॅनेलवालीने छाटणीचाच व्हिडिओ करावा, मात्र शीर्षक ‘कढीपत्त्याची छाटणी’ असे न ठेवता ‘कढीपत्ता नुसता उंच वाढतो? फांद्या अशा फुटतील’ असे ठेवावे. कल्पना तीच राहिली, पण तिचा दरवाजा बदलला, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचे खरे फळ हेच आहे.

आकडा आधी न ठरवणे

निकाल आल्यावर प्रत्येकाला तो आपल्या मनाजोगता वाचता येतो. यासाठी पोल टाकण्याआधीच वहीत लिहून ठेवावे : झाड असलेल्यांची किमान 50 मते आणि तपशिलासह किमान 15 कमेंट आल्या तरच काम सुरू करायचे. हे आकडे चॅनेलच्या आकारानुसार बदलतील, पण ते आधी लिहिलेले असावेत. मते येतच नाहीत, असे झाल्यास लगेच कल्पना टाकून देऊ नये. प्रथम आपल्या नेहमीच्या पोस्टवर किती प्रतिसाद येतो त्याच्याशी तुलना करावी. सगळ्याच पोस्ट शांत असतील तर दोष विषयाचा नाही.

ऋतू आणि मतदार

थंडीत कढीपत्त्याची वाढ मंदावते आणि तो पाने गाळतो. जानेवारीत पोल घेतला तर ‘पाने गळतात’ हा पर्याय सहज पुढे जाईल, आणि व्हिडिओ तयार होईपर्यंत झाडांना नवी पालवी आलेली असेल. म्हणून पोल घेतल्याचा महिना आणि व्हिडिओ प्रकाशित होण्याचा महिना एकमेकांशी ताडून पाहावेत.

दुसरी गोष्ट, पोलला उत्तर देणारे बहुधा चॅनेलचे जुने प्रेक्षक असतात. बागकामाचे व्हिडिओ मात्र अनेकदा शोधातून, अनोळखी माणसांकडून पाहिले जातात. अॅनालिटिक्समध्ये जुन्या व्हिडिओंचे प्रेक्षक कोणत्या मार्गाने आले हे पाहावे. त्यांतले बरेचसे यूट्यूबच्या शोधातून आले असतील, तर शोधाच्या चौकटीत ‘कढीपत्ता’ टाइप करून खाली कोणत्या सूचना येतात तेही पाहावे आणि पोलचा निकाल त्यांच्याशी पडताळावा. इन्स्टाग्रामच्या स्टोरीवरचा पोल तर आणखी सावधपणे वाचावा, कारण तिथे कोणी काय निवडले हे पोल टाकणाऱ्याला नावानिशी दिसते, आणि मावशी, मैत्रिणी, शेजारी ‘हो’ म्हणतात ते नात्याखातर. यूट्यूबच्या पोलमध्ये मतदारांची नावे दिसत नाहीत, त्यामुळे हा संकोच तिथे राहत नाही.

पोल चांगला गेला, तरी व्हिडिओ चालला नाही

अशा वेळी दोन आकडे वेगवेगळे पाहावेत. लघुचित्र दिसल्यावर किती जणांनी क्लिक केले, हा पहिला. तो चॅनेलच्या इतर व्हिडिओंपेक्षा कमी असेल, तर अडचण बरोबर निवडली पण शीर्षकात ती प्रेक्षकांच्या शब्दांत उतरली नाही, असे समजावे आणि कमेंटमधून उतरवलेल्या यादीकडे परत जाऊन शीर्षक बदलावे. दुसरा आकडा पहिल्या अर्ध्या मिनिटात किती जण टिकले याचा. क्लिक चांगले असून लोक लगेच निघून गेले, तर पोलमध्ये विचारलेली अडचण आणि व्हिडिओची सुरुवात जुळत नाही. आपल्या उदाहरणात ही चूक सहज घडेल : शीर्षक फांद्या न फुटण्याचे, आणि पहिली दोन मिनिटे कात्रीच्या प्रकारांवर. तिथे एकाच काठीसारखे वाढलेले झाड पहिल्याच दृश्यात दाखवायला हवे होते.