फोन दुरुस्तीला आणि व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर: या चुका टाळा

व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर चालायला फोन सतत ऑनलाइन लागत नाही, हे खरं आहे. पण त्यावरून ‘आता फोन लागतच नाही’ असं धरून चालू नका. मुख्य फोन १४ दिवसांपेक्षा जास्त वापरात नसेल, तर जोडलेला कॉम्प्युटर किंवा टॅबलेट लॉगआउट होतो. फोन चार्जिंगला आहे पण नेट बंद आहे, तर तो फोन बंदच समजा.

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानाचं उदाहरण घ्या. २ जूनला फोनचा डिस्प्ले गेला आणि फोन दुरुस्तीला गेला. शाळांच्या याद्या कॉम्प्युटरवर येत राहिल्या, त्यामुळे फोनची आठवण कुणाला झाली नाही. १७ जूनला सकाळी पडद्यावर चॅटऐवजी क्यूआर कोड! आणि तो स्कॅन करायला फोनच हवा.

इथे बहुतेक जण घाई करतात. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तिथे व्हॉट्सॲप सुरू करतात. मग जुना फोन लॉगआउट होतो आणि नव्यात जुन्या चॅट येतात त्या फक्त शेवटच्या बॅकअपपर्यंतच्या. हा बॅकअप फोनवरून होतो, कॉम्प्युटरवरून नाही. दोन महिने बॅकअप झाला नसेल तर दोन महिन्यांच्या चॅट हातच्या जातात. शिवाय कॉम्प्युटर अजून चालू असताना हे केलंत, तर तोही लॉगआउट होतो आणि त्यावरच्या चॅटही पुसल्या जातात. फोन दुरुस्त होणार असेल तर थांबा. न पोचलेले मेसेज सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंत राहतात. वरच्या उदाहरणात २० जूनला फोन परत येऊन नेट सुरू झालं, तर मधले मेसेज त्यावर उतरतात.

दुसरी चूक इतिहासाबद्दलची. पुन्हा स्कॅन केलं की कॉम्प्युटरवर सगळं परत येईल, असं लोक धरून चालतात. पण जोडताना फोन स्वतःकडच्या अलीकडच्या चॅटची प्रत पाठवतो, सगळा इतिहास नाही. फोनवरून जे डिलीट झालं, ते येणारच नाही. जुनी यादी शोधायची तर फोनमध्येच शोधा. जोडणी करताना फोनवर व्हॉट्सॲप उघडं ठेवा आणि चॅट भरून होईपर्यंत नेट तोडू नका.

ब्राउझरचा सगळा डेटा साफ केला तरी लॉगआउट होतं. तेव्हा १४ दिवसांना दोष देऊ नका.

सवय एकच लावा. दर रविवारी मुख्य फोन नेटवर घेऊन व्हॉट्सॲप उघडा आणि `Linked devices` मध्ये कॉम्प्युटरचं नाव दिसतंय का ते बघा. फोन दुरुस्तीला देण्याआधी, तो चालू होत असेल तर, बॅकअप घ्या. आणि कॉम्प्युटरवर आलेली प्रत्येक पीडीएफ त्याच दिवशी डाउनलोड करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. लॉगआउट झालं तरी ती तिथेच राहते.