किराणा दुकानाला एसटीपी लावताना या चुका टाळा

सेगमेंटेशन म्हणजे गिऱ्हाइकांचे गट पाडणे, टार्गेटिंग म्हणजे त्यांतला कोणता गट धरायचा ते ठरवणे आणि पोझिशनिंग म्हणजे गिऱ्हाइकांच्या मनात दुकानाची जागा पक्की करणे; एसटीपी ही मार्केटिंगच्या स्लाइडवरची त्रयी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाही लागू पडते. मात्र बहुतेक जण पहिल्याच पायरीवर वय आणि उत्पन्न यांचे रकाने आखून बसतात. चार-पाच गल्ल्यांतून चालत येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत त्या रकान्यांवरून कोणता माल वाढवावा हे कळत नाही. एकच गृहिणी पगार झाल्यावर महिन्याची यादी देते, संध्याकाळी मुलाला पाव आणायला पिटाळते आणि अचानक पाहुणे आले की अर्धा किलो साखर मागवते. यादीला भाव आणि घरपोच माल लागतो, पावाला झटपट सुटका हवी असते, तर साखरेसाठी दुकान उघडे असणेच पुरेसे असते. म्हणून गट माणसांचे नव्हे, खरेदीच्या निमित्तांचे पाडावेत.

त्यासाठी गल्ल्याशेजारी एक वही ठेवून, महिन्याचा पहिला आठवडा धरून पंधरा दिवस प्रत्येक विक्रीची वेळ, रक्कम आणि रोख, यूपीआय की खाते एवढेच लिहावे, असे मी नेहमी सांगतो. नवशिक्यांना हे कंटाळवाणे वाटते आणि ते अंदाजाने एक्सेल भरून मोकळे होतात. त्या एक्सेलमधून त्यांचा अंदाजच सुबक होऊन परत येतो.

दुसरी चूक टार्गेटिंगची. माझ्या परिचयाच्या एका दुकानदाराच्या पुतण्याने शेजारी नवा टॉवर झाला म्हणून ‘उच्च उत्पन्न गट’ निवडला आणि सुट्या डाळी-पोह्यांची पिंपे हलवून तिथे ऑलिव्ह तेल, किनोआ आणि परदेशी बिस्किटे मांडली. टॉवरमधली मंडळी हा माल अॅपवरून मागवत होती आणि दुकानात फक्त दूध-ब्रेडसाठी येत होती. इकडे चाळीतल्या यादीवाल्यांना सुटी तूरडाळ मिळेना, तेव्हा त्यांनी डाळीपुरते नव्हे, अख्ख्या यादीसाठीच दुकान बदलले. ब्रँडेड पाकिटांपेक्षा सुट्या मालावर नफा जास्त सुटत असल्याने फटका दुहेरी बसला, शिवाय मुदत संपत आलेल्या बाटल्यांत भांडवल अडकले ते वेगळेच. छोट्या दुकानात टार्गेटिंग म्हणजे कोणाला वगळणे नव्हे. हाताशी येणारी फळी, खेळते भांडवल आणि पोऱ्याचा वेळ आधी कोणत्या खरेदीला द्यायचा, एवढेच ठरवायचे असते. नवा माल आणायचाच असेल तर एका फळीपुरता आणावा आणि घाऊक व्यापारी न खपलेला माल परत घेईल का, हे आधी विचारून घ्यावे.

तिसरी चूक पोझिशनिंगची. किंमत आणि दर्जा यांचा आलेख काढून त्यावर आपल्या आणि शेजारच्या दुकानाचे ठिपके मांडण्यात वेळ घालवू नये.

पोझिशनिंगसाठी पाटीवर ‘प्रीमियम’ रंगवणेही व्यर्थ आहे, कारण गल्लीने दुकानाला आधीच एक जागा दिलेली असते: ‘त्यांच्याकडचा तांदूळ निवडावा लागत नाही’ किंवा ‘ते सुटे पैसे देत नाहीत’. यांतले पहिले वाक्य कानावर येत असेल तर तांदळाचा घाऊक व्यापारी किलोमागे दोन रुपये वाचवण्यासाठी बदलू नये. दुसरे येत असेल तर पाटीच्या खर्चाआधी गल्ल्यात नाणी भरावीत.