वाइड अँगल फोटोच्या कोपऱ्यातील काळी सावली काढताना या चुका टाळा

फुटाळा तलावावर सूर्यास्ताच्या वेळी १८ मिमीवर काढलेले माझे काही फोटो घरी संगणकावर उघडले, तेव्हा प्रत्येकाच्या वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात काळसर त्रिकोण दिसला. पाकळ्यांचे लेन्स हूड पूर्ण फिरवून खटकन बसवायचे राहून गेले होते. व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र काहीच दिसले नव्हते, आणि त्याला दोन कारणे आहेत. साध्या डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर चौकटीचा सुमारे ९५ टक्केच भाग दाखवतो, त्यामुळे नेमके कोपरेच नजरेआड राहतात. शिवाय त्यातून आपण लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे असताना पाहतो. अशा वेळी हूडची कड इतकी धूसर असते की ती जाणवत नाही, आणि एफ/११ वर फोटो निघताना तीच गडद व रेखीव होते.

यावरूनच पहिली चूक लक्षात येते. कोपरे काळे दिसले की छिद्र लहान करावे, हा सल्ला लेन्सच्या स्वतःच्या अंधारीपुरता बऱ्याच अंशी खरा आहे. हूड किंवा कॅमेऱ्याचा पट्टा आड आला असेल, तर त्याने दोष उलट ठळक होतो. म्हणून आधी कारण ओळखावे. लेन्सची अंधारी चारही कोपऱ्यांत सारखी आणि हळूहळू वाढत जाणारी असते. दुसऱ्याच लेन्ससाठी बनवलेले गोल हूड लावले असेल, तर चारही कोपरे स्पष्ट कडेने कापले जातात. पाकळ्यांचे हूड तिरके बसले असेल, तर समोरासमोरचे दोनच कोपरे काळवंडतात आणि त्या झूमवरच्या सगळ्या फोटोंत डाग त्याच जागी राहतो. गळ्यातील पट्टा मात्र एका फोटोत असतो आणि पुढच्यात नसतो. कॅमेरा उभा धरला की तो हमखास वरच्या बाजूने लोंबतो.

दुसरी चूक म्हणजे सॉफ्टवेअरमधील `Enable Profile Corrections` वर खूण करून दोष जाईल असे मानणे. ही सोय फक्त त्या लेन्सची ठरावीक अंधारी आणि वक्रता दुरुस्त करते. हूड तिच्या हिशेबातच नसते, त्यामुळे त्रिकोण तसाच राहतो. तरीही ही दुरुस्ती आधीच करून घ्यावी, कारण नंतर केली तर भरलेल्या भागाचा उजेड पुन्हा बदलतो. कोपरा ब्रशने उजळ करूनही फारसे साधत नाही. सावलीची जी मऊ कड असते, तिथे थोडा प्रकाश पोहोचलेला असतो आणि तेवढा भाग एखाद्या स्टॉपने उचलता येतो. पूर्ण झाकलेल्या भागातून फक्त राखाडी रवाळपणा वर येतो.

मग कापावे किती? अनेक जण घाबरून फोटो निम्मा करून टाकतात. माझा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा होता, आणि त्रिकोण आडवा ४८० व उभा ३२० पिक्सेल होता. कापलेल्या चौकटीचा कोपरा त्रिकोणाच्या तिरक्या रेषेवर येणे पुरेसे असल्याने दोन्ही बाजूंनी २४० आणि वर-खाली १६० पिक्सेल काढले की काम होते. कड किंचित फुगीर होती, म्हणून मी २७० आणि १८० घेतले. उरलेला फोटो ५४६० × ३६४० पिक्सेलचा झाला. त्याचे प्रमाण तेच राहिले आणि दृश्य १८ ऐवजी जवळपास २० मिमीने काढल्यासारखे झाले. खालच्या कोपऱ्यात पाण्यावरच्या लाटांतले प्रतिबिंब होते. ते हाताने भरणे मला कधीच पटेल असे जमलेले नाही, म्हणून त्या फोटोला कापणेच योग्य होते.

दुसऱ्या एका फोटोत पट्ट्याची सावली फक्त वर डावीकडे, मोकळ्या आकाशात होती. तिथे क्लोन स्टॅम्पने खालचे आकाश वर नेणे ही तिसरी चूक ठरते, कारण क्षितिजाजवळचे आकाश अधिक उजळ आणि तांबूस असते व ठिगळ लगेच दिसते. सूर्य चौकटीच्या मध्याजवळ असल्याने मी उजव्या वरच्या कोपऱ्याचा तुकडा नव्या लेयरवर घेतला, आडवा उलटवला आणि डावीकडे त्याच उंचीवर ठेवला. मध्यापासूनचे अंतर सारखे असल्यामुळे लेन्सची उरलेली अंधारीही आपोआप जुळली. मग मास्कची कड दोनएकशे पिक्सेल मऊ केली आणि कर्व्ह्जने उजेडातील किरकोळ फरक मिटवला. तुकडा खऱ्या आकाशाचाच असल्याने त्यात रवाळपणाही होता. नुसता रंग ओढला असता, तर तो भाग प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत दिसला असता. उडता पक्षी किंवा ढग असेल तर मात्र तो दोनदा दिसतो, एवढे पाहून घ्यावे.

काम झाल्यावर सर्वांत वर एक तात्पुरता कर्व्ह्ज लेयर टाकून त्याची रेषा खूप उभी करावी. आकाशातील फरक अतिरंजित दिसू लागतात आणि एरवी डोळ्यांना न दिसणारी जोडाची रेघ उघडी पडते. माझ्या पहिल्या प्रयत्नात ती चांगली ठसठशीत दिसली. मास्क आणखी मऊ केल्यावर गेली, आणि मग तो लेयर काढून टाकला.